दोन वर्षं आणि चार लाख कोणत्या रकान्यात लिहायचे?

प्रश्न: मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, चौथं सेमिस्टर संपत आलंय. पहिल्या वर्षाचे तीन विषय अजून एटीकेटीत आहेत. मला हा कोर्स आवडत नाही; सुट्टीत काकांच्या ऑफिसात जीएसटी रिटर्नचं काम केलं ते आवडलं, सीए करावंसं वाटतं. पण दोन वर्षं आणि चार लाख गेले. घरचे म्हणतात, आता सोडलंस तर सगळं वाया. काय करू?

उत्तर:

आधी एक छोटं काम करा, बाकीचं उत्तर त्यावरच उभं आहे. एका कागदावर कोर्स पुढे चालू ठेवण्याची तुमची सगळी कारणं लिहा, तुम्ही घरी बोलता तशाच वाक्यांत. मग प्रत्येक वाक्याचं क्रियापद बघा. ‘चार लाख घातले’, ‘दोन वर्षं गेली’, ‘एम-वनच्या गणितासाठी रात्री जागवल्या’, ‘बाबांनी एफडी मोडली’ ही सगळी भूतकाळाची वाक्यं आहेत, त्यांवर काट मारा. ‘डिग्री हातात आली तर अमुक परीक्षेला बसता येईल’, ‘कॅम्पसला तमुक कंपन्या येतील’ ही भविष्यकाळाची वाक्यं आहेत, ती ठेवा. कागदावर किती वाक्यं उरतात ते मोजा. एकच उरलं किंवा एकही उरलं नाही, तर तुम्ही कोर्स चालू ठेवत नाही आहात, गेलेल्या पैशाची राखण करत आहात.

याला बुडीत खर्चाचा भ्रम म्हणतात, इंग्रजी नाव सन्क कॉस्ट फॅलसी. झालेला आणि परत न मिळणारा खर्च पुढच्या निर्णयात धरणं, एवढाच त्याचा अर्थ. तो धरायचा नाही याचं कारण निव्वळ हिशोबाचं आहे. ‘चालू ठेवणं’ आणि ‘सोडणं’ असे दोन रकाने आखले तर चार लाख दोन्हींत सारखेच येतात. चालू ठेवलं तरी ते गेलेलेच, सोडलं तरी गेलेलेच. दोन्ही बाजूंना सारखी असलेली रक्कम काढून टाकली तर फरक बदलत नाही, हे तर शाळेतलं गणित. तरी मनात ती रक्कम फक्त ‘सोडणं’ या रकान्यातच लिहिली जाते. जणू सोडलं तरच पैसे गेले, आणि चालू ठेवलं की ते परत आले.

हे फक्त तुमच्या घरात होतं असं नाही. हाल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांचा 1985 सालचा प्रयोग या विषयात सगळ्यांत जास्त सांगितला जातो. अमेरिकेत ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात मोसमाची तिकिटं घ्यायला आलेल्या पहिल्या साठ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन प्रकारची तिकिटं दिली गेली. काहींना पूर्ण 15 डॉलरला, काहींना 13 ला, काहींना 8 ला. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. मोसमाच्या पहिल्या निम्म्यात पाच नाटकं होती. पूर्ण पैसे भरलेल्यांनी त्यांतली सरासरी चारच्या आसपास पाहिली, सवलतवाल्यांनी सव्वातीनच्या आसपास. जास्त पैसे दिल्याने नाटक चांगलं होत नाही, पण पाय मात्र तिकडे जास्त वळले.

या प्रयोगाचा पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही आणि तुमच्या कामाचा तोच आहे. मोसमाच्या दुसऱ्या निम्म्यात हा फरक उरला नाही. पैसे भरल्याची टोचणी काही महिन्यांत बोथट झाली. याचा तुमच्यासाठी अर्थ असा की निर्णयाची सगळ्यांत वाईट वेळ म्हणजे फी भरल्यानंतरचे दोन-तीन महिने. तेव्हा आकडा ताजा असतो आणि तोच बोलत असतो. तिसऱ्या वर्षाची फी भरून ‘बघू, एक सेमिस्टर काढून ठरवू’ म्हणालात तर त्या सेमिस्टरभर तुम्ही मोकळ्या मनाने बघूच शकणार नाही. ठरवायचं ते फी भरण्याआधी.

आता घरच्यांकडे वळू, कारण तिथे नुसता पैशाचा हिशोब नसतो. बॅरी स्टॉ या संशोधकाने 1976 मध्ये विद्यार्थ्यांना एका कंपनीच्या अर्थप्रमुखाच्या भूमिकेत बसवलं. कंपनीच्या दोन विभागांपैकी एकाला संशोधनासाठी मोठी रक्कम द्यायची होती. काहींनी विभाग स्वतः निवडला. काहींना सांगितलं, की निवड आधीच्या अधिकाऱ्याने केली होती. मग पाच वर्षांनंतरचे निकाल दाखवले आणि आणखी 2 कोटी डॉलर दोन विभागांत वाटायला दिले. निवडलेला विभाग तोट्यात गेला होता, तेव्हा आधीच्या अधिकाऱ्याची निवड सांभाळणाऱ्यांनी त्याला सुमारे 90 लाख डॉलर दिले. ज्यांनी तो स्वतः निवडला होता, त्यांनी त्याच बुडत्या विभागाला सुमारे 1 कोटी 30 लाख दिले. विभाग तोच आणि तोटाही तोच, वाढला फक्त ‘हे मी ठरवलं होतं’ हा भाग. याला एस्कलेशन ऑफ कमिटमेंट म्हणतात. आपल्याकडे ‘बुडत्याचा पाय खोलात’ म्हणतात ते जवळपास हेच, फक्त इथे पाय आपणच आत टाकत असतो.

तुमच्या घरात मेकॅनिकल कोणी निवडलं होतं? बाबांनी असेल, तर ‘एवढे पैसे घातले’ या वाक्याखाली ‘म्हणजे मी चुकलो का?’ हा प्रश्न दबलेला असतो, आणि त्याचं उत्तर टाळण्यासाठी माणूस आणखी दोन वर्षांची फी भरायला तयार होतो. म्हणून त्यांच्याशी बोलताना ‘तुमचा निर्णय चुकला’ हा सूर मुळीच नको. ‘बारावीचे मार्क आणि तेव्हा जे माहीत होतं ते बघता निवड बरोबरच होती, आता दोन वर्षांत नवी माहिती हाती आली आहे’ असं म्हणा. हे तोंडदेखलं नाही, खरंच आहे. चांगल्या विचाराने घेतलेल्या निर्णयाचा निकालही वाईट लागू शकतो. आणि चर्चेला असा एक माणूस बसवा ज्याचा प्रवेशाच्या वेळी काही संबंध नव्हता, मग ती आत्या असो की अकरावीतले सर. मेकॅनिकल तुम्ही स्वतः हट्टाने घेतलं असेल तर हा नियम तुम्हालाही लागू, तुम्ही एकट्याने ठरवू नका.

कोर्समध्ये पाय खोलात जातो तो एका मोठ्या उडीने नाही. एम-थ्री सुटत नाही म्हणून आठ हजारांचा क्लास लावला जातो. निकाल आला की रिव्हॅल्युएशन. मग मार्क कमी आहेत तर निदान स्किल असावं म्हणून पंचवीस हजारांचा कॅटिया-सॉलिडवर्क्स या डिझाइन सॉफ्टवेअरचा कोर्स. मग बीईनंतर नोकरी मिळेना म्हणून ‘एमबीए करून टाकू’. कोंबडी चार आण्यांची, मसाला बारा आण्यांचा. यातला प्रत्येक खर्च आधीच्या खर्चाच्या तुलनेत लहान दिसतो, ‘चार लाखांत आठ हजार काय?’ असा. पण त्या आठ हजारांची तुलना चार लाखांशी करायचीच नसते. एम-थ्री सुटल्याने पुढे काय मिळणार आहे, त्याच्याशी करायची असते.

आता प्रत्यक्ष रकाने मांडू. आकडे धरलेले आहेत, तुमचे घालून बघा. समजा फी वर्षाला 1,10,000 आणि होस्टेल, मेस, प्रवास मिळून 90,000, म्हणजे वर्षाला दोन लाख. मागचे चार लाख कुठेच लिहायचे नाहीत.

‘चालू ठेवणं’ या रकान्यात कागदोपत्री दोन वर्षं आणि चार लाख येतात. पण तुमचे पहिल्या वर्षाचे तीन विषय बाकी आहेत, आणि पहिलं वर्ष पूर्ण सुटल्याशिवाय तिसऱ्याला प्रवेश नाही, असा नियम सहसा असतो. म्हणजे या निकालात तिन्ही निघाले नाहीत तर वाय-डी, एक वर्ष घरी. तेव्हा प्रामाणिक आकडा दोन ते तीन वर्षांचा आणि चार ते साडेचार लाखांचा. त्यानंतर हातात काय? मेकॅनिकलची पदवी, बहुधा जेमतेम मार्कांची, आणि सीए तिथून पुढे सुरू. वाणिज्य नसलेल्या शाखेच्या पदवीधराला सीएची पहिली परीक्षा, फाउंडेशन, न देता थेट दुसऱ्या पायरीला, इंटरमीडिएटला, नोंदणी करता येते, हा ‘डिग्री पूर्ण कर’ म्हणणाऱ्यांचा सगळ्यांत भक्कम मुद्दा आहे. पण त्यासाठी पदवीला 60 टक्के लागतात. तीन एटीकेटी असताना ते जमेल का, हे तुमच्या आत्तापर्यंतच्या मार्कपत्रिका सांगतील, मनाला विचारू नका.

‘सोडणं’ या रकान्यात गावातल्या कॉलेजात बीकॉम. घरी राहून तीन वर्षांचे फी आणि पुस्तकं मिळून साधारण 45-50 हजार, फाउंडेशनचा क्लास आणि नोंदणी धरून आणखी 70-75 हजार. एकूण सव्वा लाखाच्या आसपास. फाउंडेशनला बारावी पुरते, म्हणून ते बीकॉमच्या पहिल्या वर्षातच देता येतं आणि ते सुटलं की इंटरमीडिएट बीकॉमबरोबर चालतं. म्हणजे वेळ जवळपास सारखाच, पैसे तीन लाखांनी कमी, आणि शेवटी तुम्ही सीएच्या वाटेवर बरेच पुढे. या मांडणीत सोडणं जिंकतं.

पण याच मुलाचं एक वेगळं चित्र बघा. तो शेवटच्या वर्षाच्या तोंडावर आहे, एकही विषय बाकी नाही, सरासरी 64 टक्के आहे, आणि कोर्स तितकाच नावडता. आता चालू ठेवण्याच्या रकान्यात एक वर्ष आणि दोन लाख, मिळणार पदवी आणि इंटरमीडिएटला थेट प्रवेश. सोडण्याच्या रकान्यात तीच तीन वर्षं आणि सव्वा लाख, वर फाउंडेशनही द्यायचं. इथे चालू ठेवणंच शहाणपणाचं. घरचे त्याला म्हणतील, ‘सहा लाख घातले म्हणून पूर्ण कर.’ सल्ला बरोबर, कारण चूक. पूर्ण करायचं ते सहा लाख गेले म्हणून नाही, एकच वर्ष उरलं म्हणून. हा फरक शब्दच्छल वाटू शकतो, पण चुकीच्या कारणाने बरोबर ठरलेला माणूस पुढच्या वेळी त्याच कारणाने चुकतो. त्या मुलाला शेवटच्या वर्षात चार विषय राहिले आणि आणखी दोन वर्षं लागणार असं दिसलं, की त्याचं उत्तर पुन्हा बदलायला हवं, आणि ‘सहा लाख’ हे कारण ते कधीच बदलू देणार नाही.

हिशोब चुकतो तो उलट्या बाजूनेही. बुडीत खर्चाबद्दल नव्याने वाचलेली मुलं कधीकधी काहीही सोडायला निघतात. तुमच्याबाबतीत दोन गोष्टी तपासायच्या आहेत. पहिली, नावडतं नेमकं काय? थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक उघडायला नको वाटतं, पण वर्कशॉपमध्ये लेथवर उभं राहायला आवडतं, असं असेल तर नावडता आहे तो परीक्षेचा भाग. होस्टेल बदललं, मित्र बदलले की नावड कमी होते का? सलग दोन आठवडे रोज रात्री लिहा, आज कोणत्या तासाला घड्याळ बघितलं आणि कोणत्या तासाला नाही. निकालाच्या आठवड्यात हे करू नका, तेव्हा सगळंच नावडतं.

दुसरी गोष्ट म्हणजे तुम्ही माहीत असलेल्या मेकॅनिकलची तुलना कल्पनेतल्या सीएशी करताय. सुट्टीत काकांच्या ऑफिसात तयार बिलं भरणं वेगळं आणि लॉचे पेपर पाठ करणं वेगळं. ही तपासणी स्वस्तात होते. फाउंडेशनची नोंदणी परीक्षेच्या चार महिने आधी करावी लागते, नोंदणी आणि परीक्षा शुल्क मिळून खर्च दहा-अकरा हजारांच्या आसपास. शंभर-शंभर मार्कांचे चार पेपर, प्रत्येकात किमान 40 आणि एकूण 50 टक्के. कॉलेज न सोडता ही परीक्षा द्या. नोंदणीची तारीख टळली असेल तर निदान अकाउंट्स आणि लॉ या दोन पेपरांची मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका घेऊन सहा आठवडे रोज दोन तास बसा. सहा आठवड्यांनीही बसावंसं वाटलं तर सीएची ओढ ही नुसती पळवाट नाही. दुसऱ्याच आठवड्यात मोबाईल हातात आला, तर दोष मेकॅनिकलचा एकट्याचा नाही.

एवढं करूनही लगेच ठरत नसेल तर मर्यादा आखून घ्या, पण लिहून, तारखेसह. उदाहरणार्थ: ‘या निकालात पहिल्या वर्षाचे तीनही विषय सुटले आणि चौथ्या सेमिस्टरमध्ये एकाहून जास्त राहिला नाही, तरच तिसऱ्या वर्षाची फी भरायची. नाहीतर बीकॉमचा फॉर्म.’ किमान पातळी आधीच ठरवून ठेवली की माणसं बुडत्या गोष्टीत कमी पैसे घालतात, हे स्टॉ यांनी इटमार सिमनसन यांच्याबरोबर 1992 मध्ये केलेल्या प्रयोगांत दिसलं आहे. कागद तुमच्याकडे ठेवू नका, त्या आत्याकडे किंवा सरांकडे द्या. मर्यादा मोडते ती नेहमी एकाच वाक्याने: ‘दोन तर सुटलेत, तिसरा अगदी तीन मार्कांनी गेला.’ तीन मार्क हे वर्षभर थांबायला पुरेसं कारण वाटत असेल तर ते आजच कागदावर लिहा, निकालानंतर नाही.

सोडण्याच्या भीतीत काही खर्च असे असतात जे खरे नसतात, तेही काढून टाका. कॉलेज उरलेल्या वर्षांची फी मागेल, अशी धास्ती खूप जणांना असते. प्रवेश मध्येच रद्द करणाऱ्याकडून पुढच्या वर्षांची फी मागायची नाही, असं एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या नियामक संस्थेच्या मान्यता-नियमांत आहे. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायलाही मनाई आहे. अर्जाची पोच घ्या, म्हणजे नंतर बोलता येतं. आणि बीकॉमचा प्रवेश पक्का झाल्याशिवाय इथला रद्द करू नका.

शैक्षणिक कर्ज असेल तर त्याचे दोन भाग पाडा. उचललेली रक्कम दोन्ही रकान्यांत येते, ती वगळा. न उचललेले हप्ते बुडीत नाहीत, ते सोडण्याने वाचतात. पण परतफेड सहसा कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होते, आणि कोर्स सोडला की बँक ती मुदत धरेलच असं नाही. लवकर सुरू होणारा हप्ता हा पुढचा खर्च आहे, तो ‘सोडणं’ या रकान्यात लिहायलाच हवा. शाखेत जाऊन विचारा, की कोर्स बदलल्यास मुदत वाढवून मिळेल का, आणि उत्तर लेखी घ्या.

आधीच सुटलेल्या विषयांचंही असंच. गेलेले पैसे बुडीत, पण मिळालेले क्रेडिट बुडीत असतीलच असं नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणानुसार दुसऱ्या वर्षानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं आणि क्रेडिट ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या डिजिटल खात्यात सात वर्षांपर्यंत राहू शकतात. तुमच्या विद्यापीठाने हे इंजिनीअरिंगला लागू केलंय का, तुमच्या बॅचला ते मिळतं का, आणि त्यासाठी दोन्ही वर्षांचे सगळे विषय सुटलेले लागतात का, हे परीक्षा विभागात विचारून घ्या. लागत असतील तर गंमत अशी होते की पहिल्या वर्षाचे ते तीन विषय सोडवायला एक खरं, भविष्यकाळातलं कारण मिळतं, आणि मग या उन्हाळ्यात त्यांचा अभ्यास करणं सोडण्याच्या बाजूनेही फायद्याचं ठरतं.